हातातल्या बॅगेत दोन आठवडे : युरोपच्या प्रवासातील सामानाचा जमाखर्च

मुंबईहून युरोपला जाणाऱ्या विमानात सामानासाठी वेगळे पैसे द्यावे लागतात, असे आपल्या घरांतील बहुतेकांच्या अनुभवाला येत नाही. तिकिटातच प्रत्येकी निदान एका मोठ्या बॅगेची सोय बहुधा अंतर्भूत असते. त्यामुळे बॅग भरताना हात आखडता घेण्याचे कारण उरत नाही. कपड्यांचे आठ-दहा जोड, खाकऱ्याची पाकिटे, दोन प्रकारची चटणी, भेटवस्तू, सारे काही त्यात मावते. अडचण सुरू होते ती युरोपात पोहोचल्यावर. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना स्वस्त विमानसेवांची तिकिटे घेतली जातात आणि त्या सेवांच्या तिकिटात मोठ्या बॅगेला जागा नसते. तिथे बॅगेचे भाडे प्रत्येक उड्डाणाला नव्याने आकारले जाते. मुंबईहून विनामूल्य आलेली बॅग पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हमाली मागू लागते.

म्हणून अशा प्रवासाचे सामान सर्वांत उदार विमानाच्या मापाने भरू नये. ज्या टप्प्यावर सर्वांत कमी मोकळीक आहे, त्याच्या मापाने भरावे. हे तत्त्व एका प्रत्यक्ष मार्गावर मांडून पाहिले, की पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

एक मार्ग, तीन उड्डाणे

असे धरून चालू, की एक व्यापारी दांपत्य चौदा दिवसांसाठी निघाले आहे. मुंबईहून एका ठिकाणी विमान बदलून ब्रुसेल्स आणि तिथून रेल्वेने अँटवर्प. हिऱ्यांच्या व्यापारामुळे तिथे आपल्या समाजाची अनेक घरे आहेत, आणि शहराच्या विल्राइक भागात जैन मंदिरही आहे. अँटवर्पला नातेवाइकांकडे चार दिवस, मग मिलानला चार दिवस, बार्सिलोनाला चार दिवस आणि परत अँटवर्पला दोन दिवस राहून मुंबई. मधली तीन उड्डाणे, म्हणजे ब्रुसेल्स ते मिलान, मिलान ते बार्सिलोना आणि बार्सिलोना ते ब्रुसेल्स, रायनएअरसारख्या स्वस्त सेवेची आहेत.

या सेवेच्या साध्या तिकिटात एकच लहान बॅग विनामूल्य नेता येते. ती पुढच्या आसनाखाली मावली पाहिजे. 2025 पासून तिचे माप 40 × 30 × 20 सेंटिमीटर आहे. इझीजेटसारख्या दुसऱ्या सेवेत हेच माप 45 × 36 × 20 आहे. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची 55 × 40 × 20 ची बॅग हवी असेल, तर रायनएअरमध्ये तिचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि तिची वजनमर्यादा 10 किलो असते. पोटात टाकायच्या मोठ्या बॅगेचे दर त्याहून चढे असतात.

हे दर तारखेनुसार आणि मागणीनुसार बदलतात. त्यामुळे येथे केवळ हिशेबापुरते आकडे धरू : मोठी बॅग एका उड्डाणाला 40 युरो, वरच्या कप्प्यातली बॅग 25 युरो आणि एक युरो म्हणजे 100 रुपये. दोघांनी एकेक मोठी बॅग तिन्ही उड्डाणांना नेली, तर सहा वेळा 40 म्हणजे 240 युरो, अर्थात 24,000 रुपये होतात. अनेकदा ही रक्कम त्या तीन उड्डाणांच्या मूळ भाड्यालाही मागे टाकते. हाच प्रवास 2,500 रुपयांच्या सामानखर्चात कसा बसतो, ते आता पाहू.

सामानाची तीन खाती

प्रवासाचे सामान एकाच वहीत लिहिले, की गोंधळ होतो. त्याची तीन वेगळी खाती आहेत. कपडे आणि नित्योपयोगी वस्तू हे स्थिर खाते आहे. ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेवढेच राहते. शिधा हे घटते खाते आहे; रोज थोडा थोडा संपत जातो. खरेदी हे वाढते खाते आहे. परतीच्या वेळी ते सर्वांत जड असते. मोठी बॅग घेणारा प्रवासी पहिल्याच दिवशी या तिन्ही खात्यांसाठी जागा राखून ठेवतो आणि त्या रिकाम्या जागेचेही भाडे भरतो.

स्थिर खाते दोन लहान बॅगांत बसवायचे. शिध्यासाठी घडी होणारी एक हलकी कापडी बॅग घ्यायची. मुंबई ते ब्रुसेल्स या उड्डाणात तिकिटात सामान अंतर्भूत आहे, तेव्हा ही शिध्याची बॅग तिथे काउंटरवर द्यायला काहीच हरकत नाही. ती वाटेत मागे राहिलीच, तर त्यात कपडे किंवा औषधे नाहीत आणि पहिला मुक्काम नातेवाइकांच्या घरी आहे. मात्र युरोपीय विमानकंपन्यांच्या काही स्वस्त तिकिटांत मुंबईहूनही मोठी बॅग नसते. तिकीट काढताना ती ओळ आधी वाचावी.

लहान बॅगेत काय मावते

40 × 30 × 20 या मापाची बॅग म्हणजे 24 लिटर. शाळकरी मुलाच्या दप्तराएवढी ही जागा आहे. दोन आठवड्यांसाठी ती पुरते, कारण मोजायचे ते प्रवासाचे दिवस नसून दोन धुण्यांमधले दिवस असतात. चार दिवसांनी एकदा कपडे धुतले, तर प्रवास चौदा दिवसांचा असो वा चाळीस, कपडे तेवढेच लागतात.

पुरुषाच्या बॅगेचा ताळेबंद असा मांडता येईल. रिकामी कापडी पाठपिशवी 800 ग्रॅम. तीन सदरे, एक पँट, अंतर्वस्त्रांचे व मोज्यांचे चार जोड, रात्रीचे कपडे, पातळ स्वेटर आणि पूजेची वस्त्रे मिळून सुमारे पावणेतीन किलो. सपाता 300 ग्रॅम, प्रसाधने व औषधे 800 ग्रॅम, चार्जर व पॉवरबँक 700 ग्रॅम, कागदपत्रे व किरकोळ 300 ग्रॅम. एकूण साडेपाच किलोंच्या थोडे वर. अंगावरचा एक जोड आणि पायातले बूट यांत धरलेले नाहीत. जड कपडे आणि जड पादत्राणे नेहमी अंगावर असावीत, हा या प्रवासाचा नियमच आहे. मुंबईहून निघणाऱ्या विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा 7 किलो असते. म्हणजे सव्वा किलोच्या आसपास शिल्लक राहते, आणि एखादा हलका लॅपटॉप तेवढाच भरतो.

स्त्रियांच्या बॅगेत निर्णय होतो तो साडीच्या पोतावर. जरीची रेशमी साडी परकर-पोलक्यासह एक किलोच्या घरात जाते. जॉर्जेटची साडी त्याच्या निम्म्या वजनात बसते, चुरगळत नाही आणि रात्रीत वाळते. दोन हलक्या साड्या आणि कुर्त्याचे दोन जोड एवढ्यात चार दिवस निघतात. जाड सुती कपडा आणि जीन्स मात्र टाळावी. त्यांचे वजन जास्त असते, शिवाय थंड हवेत ती दुसऱ्या सकाळीही ओलीच राहतात.

धुण्याचा दिवसही ठरवून घ्यावा. शहरात पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री धुणे उरकावे, निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे. ओले कपडे बॅगेत गेले, तर वजन वाढते आणि दुसऱ्या शहरात पोहोचेपर्यंत कुबट वास धरतो. धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पंचा दोन्ही टोकांनी घट्ट पिळला, की पाण्याचा मोठा भाग पंचा शोषून घेतो आणि वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. मिलान आणि बार्सिलोना या दोन्ही शहरांत नाणी टाकून स्वतः कपडे धुण्याची दुकाने आहेत. तिथे वाळवण्याचे यंत्रही असते.

शिध्याचे खाते

आपल्या कुटुंबांची बॅग जड होते ती बहुधा शिध्यामुळे, आणि त्याला सबळ कारण आहे. इटलीतल्या शाकाहारी वाटणाऱ्या पदार्थांत कांदा-लसूण असतो एवढाच प्रश्न नाही. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही तिथली प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने तयार होतात आणि पास्त्यावर ती सढळ हाताने पेरली जातात. म्हणून दिवसातून एक जेवण स्वतःच्या शिध्यावर करण्याची तयारी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पण किती शिधा, हे मोजून ठरवता येते. अँटवर्पला घरचे जेवण आहे. प्रश्न उरतो तो मिलान आणि बार्सिलोनाच्या आठ दिवसांचा. खाकरा, भडंग, भाजलेले चणे, गरम पाण्यात भिजणारे तयार पोहे किंवा उपमा असा कोरडा शिधा माणशी दिवसाला पाव किलो धरला, तर दोघांना आठ दिवसांत चार किलो लागतो. त्याहून अधिक नेलेले प्रत्येक पाकीट बहुधा तसेच परत येते.

हा चार किलो शिधा ब्रुसेल्सहून मिलानला जाताना पूर्ण असतो. त्याचे वजन थोडे असले, तरी खाकरा जागा फार घेतो. म्हणून या एकाच उड्डाणासाठी, दोघांपैकी एकाच्याच तिकिटावर, वरच्या कप्प्यातल्या बॅगेचे 25 युरो भरायचे. दोघांनी ते घेण्याची गरज नाही. ही सोय प्रत्येक प्रवाशासाठी आणि प्रत्येक उड्डाणासाठी स्वतंत्रपणे विकत घेता येते. मिलानहून निघताना शिधा दोन किलोंवर आलेला असतो. तो दोन्ही लहान बॅगांत एकेक किलो वाटला जातो आणि कापडी बॅगेची घडी करून ती तळाशी ठेवली जाते. पूजेची वस्त्रे आणि सपाता अँटवर्पलाच ठेवून निघाले, तर त्यांची जागा शिध्याला मिळते. बार्सिलोनाहून परतताना शिधा संपलेलाच असतो. अशा रीतीने तीन उड्डाणांचा एकूण सामानखर्च 25 युरो होतो.

मिलान सोडण्याच्या आदल्या दिवशी खोलीत एकदा बॅग भरून मोजून पाहावी. दोन किलो शिधा खरोखरच बसत नसेल, तर त्याच वेळी मोबाइलवरून पुढच्या उड्डाणाची सोय विकत घ्यावी. तेव्हा 25 युरो आणखी गेले, तरी हिशेब 50 युरोंतच राहतो.

शिधा निवडताना एक कायदा ध्यानात ठेवलाच पाहिजे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला आपल्या सामानातून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. तूप, पनीर, खवा आणि त्यापासून केलेले पेढे-बर्फी यांना घरीच ठेवावे. भाजलेले कोरडे पदार्थ आणि बिस्किटे यांना अडचण येत नाही. तरी खाकरा बिनतुपाचा घेतला, तर प्रश्नच उद्भवत नाही. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्त्यासारखी ताजी पानेही रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. केळी, अननस, नारळ आणि खजूर अशा मोजक्या फळांना त्यातून सूट आहे. तिखटाची पूड भारतातील विमानतळावर हातातल्या सामानात अडवली जाते. ती शिध्याच्या बॅगेतून काउंटरवर द्यावी आणि अँटवर्पच्या स्वयंपाकघरासाठीच ठेवावी.

माप चुकते ते कुठे

दारात अडवल्या जाणाऱ्या बॅगा बहुधा उंचीमुळे अडत नाहीत. त्या जाडीमुळे अडतात. रिकामी असताना 20 सेंटिमीटर जाड असलेली बॅग भरल्यावर 25 सेंटिमीटर होते, कारण पुढचा कप्पा फुगतो. म्हणून माप भरलेल्या बॅगेचे घ्यावे, आणि त्यात चाके, मूठ, पट्टे सारे धरावे. घरी 40 × 30 × 20 चे एक खोके मिळाले, तर भरलेली बॅग त्यात सहज सरकते का ते पाहावे. विमानतळावरची लोखंडी चौकट याहून वेगळे काही करत नाही. चाकांची कडक बॅग या मापासाठी गैरसोयीची. तिची चाके आणि दांडा जागा खातात आणि रिकाम्या बॅगेचेच वजन दोन किलोंवर जाते. मऊ कापडी पाठपिशवी दाबता येते.

विमानात चढण्याच्या दारात बॅग मोठी ठरली, तर आकारला जाणारा दर आगाऊ दराच्या कितीतरी पट असतो; तो 70 युरोंच्या आसपास जाऊ शकतो. दोन बॅगा अडल्या, तर बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो. त्यामुळे थोडीशी मोठी बॅग चालून जाईल, या आशेवर कधी राहू नये.

द्रवपदार्थांचा नियमही बहुतेकांना माहीत असतो, पण अर्धवट. प्रत्येक डबी-बाटली 100 मिलिलिटरपर्यंतची हवी आणि त्या साऱ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. येथे पाहिले जाते ते डबीवर छापलेले माप. निम्मी संपलेली 150 मिलिलिटरची टूथपेस्ट आत जेमतेम 75 असली, तरी अडवली जाते. लोणचे, ओली चटणी, केसांचे तेल, मलम या साऱ्यांची गणना द्रवातच होते. साबणाची वडी आणि दंतमंजन या नियमाबाहेर असल्याने ती वापरावीत.

पॉवरबँकेचे नियम मात्र उलट आहेत. ती काउंटरवर देण्याच्या सामानात ठेवता येत नाही, हातातच बाळगावी लागते, आणि 100 वॅट-तासांपर्यंतची परवानगीविना चालते. नेहमीची 20,000 एमएएचची पॉवरबँक सुमारे 74 वॅट-तासांची असते. विमान भरलेले असताना कर्मचारी कधी कधी वरच्या कप्प्यातली बॅग पोटात टाकण्यासाठी मागतात. तेव्हा पॉवरबँक, औषधे, पासपोर्ट आणि दागिने काढून घेता यावेत, म्हणून या चार वस्तू एका छोट्या पिशवीत अगदी वरच ठेवाव्यात.

काउंटर टाळता येत नाही

फक्त हातातले सामान असलेल्या प्रवाशाला वाटते, की आपण थेट सुरक्षा तपासणीकडे जाऊ शकतो. युरोपीय नागरिकांच्या बाबतीत हे खरे आहे. भारतीय पासपोर्टवर रायनएअरने प्रवास करणाऱ्याने मात्र आधी कंपनीच्या काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा तपासून घ्यावा लागतो. उड्डाण युरोपच्या आतल्या आत असले, तरी हा नियम लागू राहतो. तो न पाळलेला प्रवासी विमानाच्या दारापर्यंत पोहोचतो आणि तिथून मागे पाठवला जातो. त्या वेळी परत जाऊन येण्याइतका अवधी बहुधा उरलेला नसतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. स्वस्त सेवांची काही विमानतळे शहरापासून दूर असतात. ब्रुसेल्सच्या नावाने विकले जाणारे उड्डाण चार्लेरॉयहून असू शकते. ते ब्रुसेल्सपासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर आहे. मिलानच्या नावाचे बेर्गामोही तसेच. तिथवरच्या बसचे भाडे आणि वेळ हिशेबात धरल्यावाचून तिकीट स्वस्त आहे की नाही, हे ठरवता येत नाही. सामान हलके असले, की त्या बसमध्ये चढता-उतरताना टॅक्सीचा मोह होत नाही. हीही एक बचतच.

खरेदीचे खाते शेवटी उघडावे

उरते ते वाढते खाते. मिलानमध्ये पहिल्याच दिवशी घेतलेली वस्तू पुढच्या दोन उड्डाणांत जागा अडवते. तीच खरेदी अँटवर्पच्या शेवटच्या दोन दिवसांत केली, तर तिला एकही वेगळे भाडे पडत नाही. कारण ब्रुसेल्स ते मुंबई या उड्डाणात मोठ्या बॅगेची सोय तिकिटातच आहे. बेल्जियमची चॉकलेटे घ्यायची जागाही तीच. तिथे पाकिटामागची घटकांची यादी वाचून घ्यावी, म्हणजे अंडे किंवा जिलेटिन असलेली पाकिटे वेळीच बाजूला निघतात.

जाताना शिधा भरून नेलेली आणि मिलाननंतर घडी घालून ठेवलेली कापडी बॅग या वेळी पुन्हा उघडते. तिच्यात आता भेटवस्तू जातात आणि ती ब्रुसेल्सच्या काउंटरवर दिली जाते. कपड्यांच्या दोन्ही लहान बॅगा मात्र निघाल्या तेवढ्याच, आणि हातातच, घरी परततात.